फायर एनओसी नेमकी कुठे अडते?

“दोन लाल सिलिंडर भिंतीला लावले की फायर एनओसी मिळते ना?” नव्यानं दुकान थाटणारा किंवा दवाखाना काढणारा माणूस हमखास हा प्रश्न विचारतो. दोन सिलिंडर लावायला अर्धा तास पुरतो. दाखला अडतो तो बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी: इमारतीच्या मंजूर नकाशावर, जिन्याच्या रुंदीवर, नाहीतर जिन्याखाली रचलेल्या खोक्यांवर. म्हणून या प्रकरणात सिलिंडरचा क्रमांक जरा मागे लागेल.

1. तुम्हाला हा दाखला लागतो का?

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला. आग लागू नये आणि लागलीच तर माणसं बाहेर पडावीत यासाठीची व्यवस्था करण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी हा कायदा इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर टाकतो. भाडेकरू असलात तरी ‘मालक बघून घेईल’ म्हणून सुटका होत नाही.

प्रत्यक्षात मात्र दाखला मागायला अग्निशमन दल सहसा दारात येत नाही. मागतो दुसराच कोणी तरी. हॉटेल, फटाक्यांचा स्टॉल, पेट्रोल पंप यांच्या परवान्याच्या फाइलमध्ये हा कागद लागतोच. किराणा किंवा कापडाचं छोटं दुकान असेल तर ज्याला आपण गुमास्ता म्हणतो ती नोंदणी किंवा सूचना या कागदाशिवायही होऊन जाते. मग एके दिवशी बँक, विमा कंपनी किंवा महापालिका तो मागते आणि धावपळ सुरू होते.

दवाखान्याच्या बाबतीत एका प्रश्नावर सगळं फिरतं. रुग्ण रात्री मुक्कामाला राहतो का? राष्ट्रीय बांधकाम संहिता फक्त बाह्यरुग्ण तपासणाऱ्या दवाखान्याला कार्यालयं आणि प्रयोगशाळांच्या गटात बसवते, तर रुग्णालयाला वेगळ्या, अधिक कडक गटात. आपण दोन्हीला सहज ‘दवाखाना’ म्हणतो, नियम तसं म्हणत नाहीत. खाटा आल्या की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 लागू होतो, ती नोंदणी दर तीन वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि तिच्या फाइलमध्ये अग्निशमनाचा कागद मागतात. ओपीडी म्हणून सुरू केलेल्या जागेत सलाइनसाठी दोन खाटा येतात, मग चार होतात, मग रात्रीची सिस्टर ठेवली जाते. इमारत तीच असते, पण तिची वर्गवारी कधीच बदललेली असते आणि डॉक्टरांच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

2. अर्ज कोणाकडे?

अहिल्यानगर शहरात, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत असाल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी अशा ठिकाणी नगरपरिषदेकडे चौकशी करायची. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीची स्वतंत्र अग्निशमन यंत्रणा आहे. ग्रामपंचायतीकडे मात्र स्वतःचं अग्निशमन दल नसतं. तिथल्या प्रकरणांचा माग थेट संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा यांच्या कार्यालयापर्यंत जातो. ग्रामपंचायतीनं दिलेली ‘आमची हरकत नाही’ ही चिठ्ठी अग्निशमन दाखल्याच्या जागी चालत नाही. गावाकडच्या हॉस्पिटलांच्या फाइली इथेच पहिल्यांदा परत येतात.

3. कागद: आधी नकाशा, मग बाकी सगळं

आता एक उदाहरण धरून चालू. समजा, अहिल्यानगरच्या सावेडीत एक दुमजली इमारत आहे. मूळ बांधली राहण्यासाठी. पुढे तळमजल्यावर औषधांचं दुकान आणि इलेक्ट्रिकल साहित्याचं दुकान आलं, आणि पहिल्या मजल्यावर एका डॉक्टरांनी आठ खाटांचं हॉस्पिटल सुरू केलं. जागा भाड्याची आहे. डॉक्टरांना नोंदणीसाठी दाखला हवा आहे.

फाइल लावताना बहुतेक जण आधारकार्डापासून सुरुवात करतात. सुरुवात करावी मंजूर बांधकाम नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्यापासून. अधिकारी पहिल्यांदा हेच पाहतो, कारण त्याला दोन गोष्टी ताडायच्या असतात: कागदावर या मजल्याचा वापर काय आहे, आणि जागेवर काय आहे. आपल्या उदाहरणात कागदावर ‘निवासी’ आहे आणि जागेवर रुग्ण झोपलेले आहेत. इथे फाइल थांबते. हा प्रश्न नगररचना विभागाकडे वापरातील बदलाचा अर्ज करून सोडवावा लागतो, अग्निशमन दल तो सोडवू शकत नाही. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी मालकाकडून मंजूर नकाशाची प्रत मागून घ्या. ती द्यायला मालक टाळाटाळ करत असेल तर त्यातच उत्तर आलं.

बाकीचे कागद त्या मानानं सोपे. मालकीचा पुरावा म्हणून मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, घरपट्टीची चालू पावती, भाडेकरार आणि त्यासोबत मालकाचं संमतिपत्र. संमतिपत्रात ‘हॉस्पिटल चालवण्यास’ असा स्पष्ट उल्लेख हवा, नुसतं ‘व्यवसायासाठी’ लिहिलं की पुढे वाद होतो. डॉक्टरांचं नोंदणी प्रमाणपत्र आणि आधीचा दाखला असल्यास त्याची प्रत. वीजबिल आणि परवानाधारक वीज ठेकेदाराचा वायरिंग तपासणीचा अहवाल. शेवटी मजल्याचा आराखडा. खाटा, दारं, जिना, वीज मीटर, ऑक्सिजनची जागा, प्रत्येक अग्निशामक कुठे आहे, हे सगळं त्यात दाखवलेलं असावं. हा आराखडा हातानं काढलेला नको. मोजमापं असलेला, वास्तुविशारदाच्या सहीचा असेल तर तपासणी निम्म्या वेळात होते.

4. फॉर्म ए, फॉर्म बी आणि एजन्सी

आता सिलिंडरकडे येऊ. अग्निशामक, होज रील, अलार्म ही यंत्रणा राज्य अग्निशमन सेवेचा परवाना असलेल्या एजन्सीकडूनच बसवून घ्यायची असते. यंत्रणा बसवून झाली, चालते याची खात्री झाली, की एजन्सी जे प्रमाणपत्र देते तो फॉर्म ए. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत आहे असं एजन्सीनं लिहून द्यायचं, तो फॉर्म बी. हे प्रमाणपत्र अग्निशमन विभागात पोहोचवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची. गाडीचं पासिंग एकदा झालं तरी पीयूसी वेळोवेळी काढावीच लागते, तसाच हा प्रकार.

एजन्सी निवडताना तिच्या परवान्याची प्रत मागा आणि त्यावरची मुदत वाचा. परवाना कोणत्या कामांसाठी आहे तेही वाचा. नुसते अग्निशामक विकणारा आणि संपूर्ण यंत्रणा बसवून प्रमाणित करणारा यांच्यात फरक असतो. राज्य अग्निशमन सेवेच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजन्सींची यादी असते, तिच्याशी नाव ताडून पाहा. ‘साहेब, फॉर्म बी घरपोच, बघायला यायची गरज नाही’ म्हणणारा स्वस्त पडतो खरा. पण आग लागल्यावर तोच कागद पोलिसांसमोर येतो, आणि या कायद्याच्या भंगासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

सिलिंडर किती आणि कोणते? लाकूड, कापड, कागद, तेल आणि विजेची सुरुवातीची आग या सगळ्यांना चालतो तो एबीसी पावडरचा. वीज मीटर, इन्व्हर्टर आणि महागडी उपकरणं असतात तिथे कार्बन डायऑक्साइडचा बरा, कारण तो मागे पूड ठेवत नाही. कुठेही उभे असलात तरी साधारण 15 मीटर चालण्याच्या आत एक अग्निशामक हाताला लागावा आणि एका मजल्यावर निदान दोन असावेत, हा लहान जागेसाठी धरून चालण्यासारखा हिशेब. उद्वाहन, तळघर, मोठं क्षेत्रफळ किंवा जास्त उंची आली की होज रील, पाण्याची टाकी, पंप, स्प्रिंकलर यांची यादी वाढत जाते. तुमच्या इमारतीला त्यातलं काय लागू आहे ते क्षेत्रफळ, उंची आणि वापर या तिन्हींवरून ठरतं, म्हणून शेजारच्या दुकानदाराची यादी उतरवून घेऊ नका.

एबीसी सिलिंडरवर काटा असतो आणि तो हिरव्या पट्ट्यात असावा लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं. मानेवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. त्यात वायूचं वजन मिळवून जो आकडा येतो त्यापेक्षा वजन बरंच कमी भरलं तर वायू गळला आहे. एबीसीत आणखी एक फसवणूक होते. काटा हिरव्यात असतो, पण महिनोन्महिने एका जागी टांगून पावडर तळाशी घट्ट बसलेली असते. सिलिंडर काढून उलटा केला आणि आत पावडर सरकल्याचं जाणवलं नाही, तर तो भिंतीवरची शोभा समजा.

5. तपासणीला साहेब आले, आता ते काय पाहतात?

6 नोव्हेंबर 2021 रोजी अहिल्यानगरच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात 17 रुग्ण होते, त्यातले 11 त्याच दिवशी गेले. अतिदक्षता कक्षातला रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. खाटा असलेल्या जागेची तपासणी दुकानापेक्षा कडक असते, त्यामागचं कारण हेच. दुकानात गिऱ्हाइकाला ‘बाहेर पळा’ म्हणता येतं, इथे माणसाला उचलून न्यावं लागतं.

म्हणून आपल्या सावेडीच्या हॉस्पिटलात अधिकारी सिलिंडर मोजण्याआधी खाटेपासून रस्त्यापर्यंत चालत जाईल. सगळ्यात लांबच्या खाटेपासून बाहेर पडण्याच्या जिन्यापर्यंतचं अंतर संहितेप्रमाणे 30 मीटरच्या आत हवं. आठ खाटांच्या मजल्यावर ते सहज बसतं. खरी गोम पुढे आहे. संहिता रुग्णालयाच्या जिन्यासाठी दोन मीटर रुंदी सांगते. मूळ निवासी इमारतीतला जिना जेमतेम एक मीटरचा, त्यात मधल्या वळणावर झाडांच्या कुंड्या. स्ट्रेचर त्या वळणावर फिरतच नाही. शिवाय जिना एकच, आणि त्याच्या पायथ्याशी तळमजल्याच्या दोन्ही दुकानांसकट सगळ्या इमारतीचे वीज मीटर. आग बहुधा मीटरच्या फळीवर लागणार आणि धूर चढणार तो त्याच जिन्यानं वर. म्हणजे पळायची एकमेव वाट हेच धुराचं धुराडं.

याला सिलिंडर हे उत्तर होऊ शकत नाही. उत्तरं तीन असतात आणि तिन्ही खर्चाची. पहिलं, इमारतीच्या दुसऱ्या बाजूनं बाहेरून लोखंडी जिना बांधणं. त्यासाठी सामासिक अंतरात जागा हवी, मालकाची संमती हवी आणि महापालिकेची बांधकाम परवानगीही हवी. दुसरं, खाटा तळमजल्यावर आणून वर फक्त ओपीडी आणि कार्यालय ठेवणं. तिसरं, त्या जागेत हॉस्पिटल न चालवणं. तिसरं उत्तर कोणी देत नाही, पण काही इमारतींसाठी तेच खरं असतं आणि ते फर्निचरवर लाखो रुपये घालण्याआधी कळलेलं बरं.

बाहेर पडायची वाट तपासून झाली की अधिकारी विजेकडे वळतो. इथे साधा हिशेब घालता येतो. समजा वीजजोडणीचा मंजूर भार पाच किलोवॅट आहे. मजल्यावर तीन एसी आहेत, दीड टनाचे. एकेक सुमारे दीड ते दोन किलोवॅट खेचतो, म्हणजे तिन्हींचे मिळून पाचच्या आसपास. त्यावर निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह दोन किलोवॅटचा आणि गिझर दोनचा. बेरीज नऊवर गेली आणि दिवे, पंखे, मॉनिटर अजून धरलेच नाहीत. असा भार निवासी काळातल्या बारीक तारेतून जात राहिला की तार गरम होते, तिचं आवरण कडक होऊन तडकतं. भिंतीतल्या या गोष्टी दिसत नाहीत, पण खुणा दिसतात: प्लगभोवती पिवळट-तपकिरी डाग, एसी सुरू होताना दिवे मिणमिणणं, एमसीबी वारंवार पडणं. वारंवार पडणारा एमसीबी काढून मोठ्या क्षमतेचा बसवणं हा त्यावरचा सगळ्यात घातक उपाय, आणि वायरमन तो पाच मिनिटांत करून देतो. खरा उपाय म्हणजे मंजूर भार वाढवून घेणं, एसीला थेट फळीवरून जाड तारेची स्वतंत्र लाइन ओढणं आणि गळतीच्या प्रवाहाला तोडणारं आरसीसीबी बसवणं.

तिसरी तपासणी ऑक्सिजनची. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण हवेतलं त्याचं प्रमाण नेहमीच्या 21 टक्क्यांवरून थोडंसं वाढलं तरी चादर, पडदा, गादी झपाट्यानं पेटतात. म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडर जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेत नकोत, साखळीनं बांधलेले हवेत, भरलेले आणि रिकामे वेगळे हवेत, खोलीला वारा खेळता हवा. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनपुढे तेल आपोआप पेट घेऊ शकतं.

शेवटी अधिकारी एखाद्या सिस्टरकडे वळून म्हणतो, “ताई, हा अग्निशामक चालवून दाखवा.” निम्म्या ठिकाणी इथे शांतता पसरते. पिन ओढायची, नळी ज्वाळेवर न रोखता आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि डावीउजवीकडे फिरवायची. सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पाव मिनिट चालतो, म्हणून शिकायला आगीच्या वेळी उसंत नसते. रात्रपाळीला कोण असतं, रुग्ण कोण उचलणार, 101 ला फोन कोण लावणार, हे कागदावर नावानिशी लिहिलेलं आणि त्या माणसांना ठाऊक असलेलं हवं.

6. आणि दुकानाचं काय?

कापड बाजारातलं चार बाय दहा मीटरचं कापडाचं दुकान घ्या. क्षेत्रफळ 40 चौरस मीटर. तळमजल्याच्या दुकानासाठी संहिता माणशी तीन चौरस मीटर धरते, म्हणजे आत एका वेळी 13-14 माणसं. सपाट वाटेवर माणशी साडेसहा मिलिमीटर रुंदी पुरते असा हिशेब आहे. चौदा माणसांना 91 मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. दाराची किमान रुंदी तरी एक मीटर लागते, आणि दुकानाचं शटर तर त्याहून कितीतरी रुंद. मग अडतं कुठे?

अडतं पोटमाळ्यावर. माल ठोकून भरलेला, वर जायला शिडी, आत खिडकी नाही, आणि तिथेच नोकर पार्सल बांधत बसलेला. अडतं इन्व्हर्टरच्या बॅटरीवर टाकलेल्या गठ्ठ्यांवर, मागचं दार लावून तिथे उभ्या केलेल्या कपाटावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्री दुकानात किंवा दुकानाच्या वर झोपणाऱ्या माणसांवर. ऑगस्ट 2025 मध्ये नेवासा फाट्यावर फर्निचरच्या दुकानाला रात्री आग लागली आणि त्याच इमारतीत राहणाऱ्या एका कुटुंबातली पाच माणसं गेली. खाली फोम, लाकूड, पॉलिशचे डबे आणि वर घर, अशी मांडणी जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे. दुकानाचा अर्ज भरताना वरच्या घराचा रकाना कोणी भरत नाही. पण वरच्या घराची वाट दुकानातून जात असेल तर आधी ती वेगळी करा. ते होईपर्यंत निदान जिन्यात धुराचा अलार्म लावा. तो बॅटरीवर चालतो आणि झोपलेल्याला उठवतो. धूर झोपेतल्या माणसाला उठवत नाही.

7. त्रुटी निघाल्या तर

पहिल्याच तपासणीत दाखला हातात पडला असं क्वचित घडतं. त्रुटी निघतात. त्या लेखी मागून घ्या. तोंडी ‘ते जरा नीट करून घ्या’ यावर काम करू नका, कारण पुढच्या वेळी दुसरा अधिकारी आला की यादी बदलते. प्रत्येक त्रुटीसमोर काय केलं ते लिहा, फोटो आणि बिलाची प्रत जोडा आणि फेरतपासणी मागा.

अर्ज दिला त्या दिवसाची पोच आणि शुल्काची पावती जपून ठेवा. अग्निशमनाचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांमध्ये येतो. किती दिवसांत द्यायचा आणि अपील कोणाकडे करायचं, हे कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. मुदत उलटली किंवा कारण न देता नकार आला तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. अर्ज अपुरा असेल तर मात्र मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून पोच घेताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला विचारा, “कागद पूर्ण आहेत ना? तसं पोचवर लिहून द्याल का?”

दाखला मिळाल्यावर त्यातल्या अटी एकदा सावकाश वाचा. तो दाखला त्या नकाशातल्या, तेवढ्याच खाटांच्या, तशाच वापराच्या जागेसाठी असतो. आठाच्या बारा खाटा केल्या, मधे प्लायवूडची भिंत घातली किंवा गच्चीवर पत्रे टाकून कँटीन काढलं, की नव्यानं अर्ज करावा लागतो. आणि फाइलच्या पहिल्या पानावर दोन महिने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: जानेवारी आणि जुलै.